सात दिवस, नऊ हजार ओव्या आणि एक सूचनाफलक

देवळाच्या दारात सप्ताहाची सूचना लागते, तेव्हा तिच्यात बहुतेक वेळा तीन गोष्टी ठळक असतात: देवाचं नाव, मान्यवरांची नावं आणि महाप्रसादाची वेळ. ‘ज्ञानेश्वरी पारायण, सकाळी ८ ते ११’ ही ओळ कुठंतरी मधे असते. त्या तीन तासांत नेमकं काय वाचलं जाणार, कोण वाचणार आणि ऐकायला येणाऱ्यानं बसायचं कुठं, हे तिच्यावरून कळत नाही. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात यावाचून फारसं अडत नाही. तिथं सगळे वाचक एकत्र बसतात, व्यासपीठ चालक पुढं वाचतो आणि बाकीचे त्याच्या सुरात सूर मिसळतात. एखादा उशिरा आला तरी शेजाऱ्याच्या पोथीत डोकावून ओवी पकडतो. काकडा, विष्णुसहस्रनाम, पारायण, हरिपाठ, कीर्तन, जागर हा क्रम अंगवळणी पडलेला असतो आणि वीणेच्या पहाऱ्याची पाळी कोणाची, हे गावाला तोंडपाठ असतं.

शहरात मात्र आता वाचनाची दुसरी तऱ्हा रुळली आहे. एका वेळी एकच जण वाचतो, बाकीचे ऐकतात आणि वाचक पाळीपाळीनं बदलतात. रोज तीन-चार तास सलग बसणं नोकरदारांना, सुनांना, गुडघे दुखणाऱ्यांना जमत नाही, म्हणून ही पद्धत सोयीची. पण या पद्धतीत सारा भार त्या एका सूचनेवर येतो. सूचना नीट असेल तर सातव्या दिवशी पसायदान शांतपणे म्हटलं जातं. नसेल तर अठराव्या अध्यायाची अक्षरशः फरफट होते. हे का होतं आणि टाळायचं कसं, ते ज्ञानेश्वरीच्याच आधारे पाहू.

सुरुवात ग्रंथापासून करायची, नावांपासून नाही. ज्ञानेश्वरीचे अध्याय अठरा, ओव्या प्रचलित प्रतींमध्ये सुमारे ९०३३. सातानं भागलं की रोजच्या १२९० येतात. इथवर सगळेच करतात. पण अध्याय काही सारख्या आकाराचे नाहीत. पाचवा अध्याय १८० ओव्यांत संपतो, तेरावा साधारण ११७० ओव्यांचा आहे आणि अठरावा एकटाच १८१० ओव्यांचा, म्हणजे सबंध ग्रंथाचा पाचवा हिस्सा. ‘रोज अडीच अध्याय’ असा हिशेब मांडणाऱ्यांना पहिले चार दिवस फार हलके वाटतात. शेवटच्या दोन दिवसांत मात्र त्यांच्यापुढं किमान तीन दिवसांचं वाचन उभं राहतं.

दुसरा विसर श्लोकांचा. ओव्यांच्या मधे मधे गीतेचे सातशे श्लोक आहेत आणि तेही वाचायचे असतात. पहिल्या पाच अध्यायांत मिळून २३३ श्लोक येतात, तेराव्यात मात्र ३४च. तेव्हा पहिला आणि चौथा दिवस ओव्यांच्या आकड्यांत जवळपास सारखे दिसले, तरी घड्याळात त्यांच्यात तासाहून जास्त अंतर पडतं.

म्हणून आधी वेग मोजावा. मंडळातल्या सर्वांत तेज वाचकाला नव्हे, तर मध्यम गतीच्या एखाद्या वाचकाला कोणत्याही पन्नास ओव्या माइकसमोर वाचायला सांगाव्यात. ऐकणाऱ्याला अर्थ लागेल अशा बेतानं वाचलं, तर साधारण आठ मिनिटं लागतात. श्लोकाला पंधरा सेकंद धरावेत. या दोन मापांवर सात दिवस असे बसतात.

पहिल्या दिवशी एक ते पाच अध्याय, १३३१ ओव्या, श्लोकांसह साडेचार तास. दुसऱ्या दिवशी सहा ते नऊ, तेही साडेचार तासांच्या थोडं पुढं. तिसऱ्या दिवशी दहा, अकरा आणि बारा, चार तासांना थोडे कमी. चौथ्या दिवशी एकटा तेरावा, सव्वातीन तास. पाचव्या दिवशी चौदा ते सोळा, सव्वाचार तास. सहाव्या दिवशी सतरावा अध्याय आणि अठराव्याच्या पहिल्या साडेसातशे ओव्या, साडेतीन तासांच्या आतबाहेर. सातव्या दिवशी उरलेल्या १०६० ओव्या, तीन तास. अठरावा अध्याय सहाव्या दिवशीच सुरू करणं, हा या वाटणीचा कणा आहे. ‘अध्याय मधेच तोडायचा नाही’ असा आग्रह काही मंडळी धरतात. श्रद्धा म्हणून तो मला समजतो, पण त्यापायी १८१० ओव्या एका दिवसात वाचाव्या लागतात, म्हणजे वाचनाचेच पाच तास. त्यात समाप्तीची आरती, सत्कार, प्रसादाच्या रांगा. मग पसायदानापर्यंत पोहोचेतो कोणाचंच लक्ष ठिकाणावर राहत नाही. ग्रंथाचा शेवट सावकाश वाचला जावा, याला मी अध्याय अखंड ठेवण्यापेक्षा जास्त मोल देतो.

आता पाळ्या. इथं बहुतेक सूचना चुकतात, कारण त्या पाळी घड्याळावर बांधतात: अमुक वाचक साडेसात ते आठ, तमुक आठ ते साडेआठ. हळू वाचणाऱ्याच्या अर्ध्या तासात दीडशे ओव्या होतात, भरभर वाचणाऱ्याच्या दोनशेवर जातात आणि आज कुठवर पोहोचायचं होतं, हे कोणालाच धड सांगता येत नाही. पाळी ओव्यांवर बांधावी. एका वाचकाला सुमारे १३० ओव्या, म्हणजे श्लोकांसकट वीस ते पंचवीस मिनिटं. सवय नसलेल्या गळ्याला याहून जास्त वेळ मोठ्यानं वाचवत नाही, आवाज बसतो. सूचनेत ओव्यांचे आकडे पक्के द्यावेत आणि वेळ ‘सुमारे’ म्हणून. १३० ओव्यांच्या हिशेबानं रोज आठ ते बारा पाळ्या होतात, आठवड्याच्या सत्तर. पंचवीस वाचक असले तर प्रत्येकाच्या वाट्याला तीनपेक्षा जास्त येत नाहीत. शिवाय चार राखीव वाचक हवेत आणि त्यांचीही नावं सूचनेत हवीत. ऐन वेळी ‘तुम्ही वाचता का हो’ म्हणून श्रोत्यांत फिरावं लागलं की पाच मिनिटं गेलीच.

आकडे पक्के म्हणजे बरोबर १३०व्या ओवीवर थांबा, असं मात्र नाही. ज्ञानेश्वरांचे दृष्टांत एका ओवीत मावत नाहीत. एकच गोष्ट समजावण्यासाठी ते दहा-पंधरा ओव्या एकामागून एक दाखले देत जातात आणि मग कुठं ‘तैसें’ म्हणून मूळ मुद्द्यावर येतात. वाचक या दाखल्यांच्या मधे बदलला तर ऐकणाऱ्याचा धागा तुटतो. नवा आवाज अर्ध्या वाक्यापासून सुरू होतो आणि कशाबद्दल चाललं होतं, हेच हरवतं. बदलाची खरी जागा म्हणजे श्लोक. १३०च्या आसपासचा श्लोक गाठावा, तिथं आधीच्यानं थांबावं आणि नव्यानं श्लोकापासून सुरुवात करावी. त्यासाठी संयोजकानं सगळा ग्रंथ एकदा पेन्सिल घेऊन चाळायचा आणि पाळीच्या जागी समासात खूण करायची. दोन संध्याकाळचं काम आहे, पण याला दुसरा पर्याय नाही.

तेराव्या अध्यायात मात्र श्लोकाची वाट पाहून चालत नाही. ज्ञानाची लक्षणं सांगणारा ‘अमानित्व’ हा श्लोक तिथं येतो आणि या एकट्या श्लोकाखाली तीनशेहून जास्त ओव्या आहेत. अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षांती, आर्जव, आचार्योपासना, शौच, स्थैर्य, आत्मविनिग्रह अशी नऊ लक्षणं ज्ञानेश्वर एकेक करून उलगडतात. नुसत्या अहिंसेलाच त्यांनी शंभराहून अधिक ओव्या दिल्या आहेत. इथं पाळी लक्षणावर बदलावी. अहिंसा एकाच्या आवाजात पुरी व्हावी आणि आचार्योपासनाही पूर्ण एकाकडेच जावी. एखाद्याला १३०च्या जागी दीडशे ओव्या आल्या तरी चालेल. अशा पाळीला कसलेला वाचक द्यावा. हा भाग ऐकायला मुद्दाम येणारे श्रोते असतात, त्यांच्यासाठी सूचनेत ‘चौथा दिवस, ज्ञानाची लक्षणं’ एवढं तरी लिहावं.

हे सगळं फलकावर कसं दिसेल? चौथ्या दिवसाची सूचना अशी लिहिता येईल:

‘दिवस चौथा, गुरुवार. अध्याय तेरावा, संपूर्ण. सकाळी ७.३० ते सुमारे ९.४५, पाळी १ ते ६. सायंकाळी ४.३० ते सुमारे ५.४५, पाळी ७ ते ९. प्रत्येक पाळीच्या ओव्या आणि वाचकांची नावं शेजारच्या तक्त्यात पाहावीत. वाचकांनी आपल्या पाळीच्या एक पाळी आधी व्यासपीठाशेजारच्या आसनावर येऊन बसावं. येता येणार नसेल तर आदल्या रात्री आठपर्यंत संयोजकांना कळवावं. वाचनासाठी एकच प्रत ठेवली आहे, श्रोत्यांनी आपली प्रत आणल्यास ओव्यांचे क्रमांक थोडे मागेपुढे असू शकतील.’

शेवटचं वाक्य उगाच घातलेलं नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये ओव्यांची संख्या सारखी नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रतीत ओव्या नऊ हजारांहून कमी आहेत. साखरे महाराजांच्या परंपरेतली प्रत आणि सोनोपंत दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी घरोघरी आहेत, त्यांतही क्वचित एखाद्या ओवीचा फरक पडतो. पाळ्या ओव्यांच्या क्रमांकावर बांधल्या असतील आणि वाचक घरून आपापली प्रत घेऊन आले, तर एकाची सुरुवात दुसऱ्याच्या शेवटाशी जुळत नाही. मधल्या दोन ओव्या गळतात किंवा दोनदा वाचल्या जातात. म्हणून व्यासपीठावरची प्रत एकच, तिच्यातल्या खुणा एकाच हातच्या, आणि तिचं नाव सूचनेत.

पाळी बदलतानाचा क्षणही ठरवून घ्यावा लागतो. या बाबतीत नांदेडच्या हुजूर साहिबसह सगळ्याच गुरुद्वारांत होणाऱ्या अखंड पाठाकडून शिकण्यासारखं आहे. गुरू ग्रंथ साहिबची १४३० पानं तिथं साधारण ४८ तासांत, रात्रंदिवस न थांबता वाचली जातात, म्हणजे तासाला तीस पानं. पाठी बदलतात, पण वाचन तुटत नाही. पुढचा पाठी शेजारी येऊन बसतो, आधीचा थांबण्यापूर्वीच त्याच्या आवाजात आपला आवाज मिसळतो आणि मग पहिला अलगद उठतो. आपला सप्ताह रात्री थांबतो, त्यामुळे तेवढा कडक नियम नको. पण पुढच्या वाचकानं एक पाळी आधी येऊन बसणं, आपल्या मांडीवरच्या प्रतीत बोटानं ओळ धरून चालणं आणि बदलाचा श्लोक दोघांनी मिळून म्हणणं, एवढं घेतलं तरी माइकवर ‘कुठवर आलं?’ ही कुजबुज ऐकू येत नाही. वीस मिनिटं आधी बसल्यानं नव्या वाचकाला आवाजाची पट्टी आणि वेगही मिळतो.

आता श्रोते. ‘बैठक व्यवस्था केली आहे’ एवढ्यानं भागत नाही, किती जणांची आणि कशी, हे लिहावं लागतं. चाळीस फूट लांब आणि पंचवीस फूट रुंद सभामंडप घेऊ. पुढचे आठ फूट ग्रंथाचा चौरंग, वाचक, पुढचा वाचक आणि समई यांच्यासाठी सोडावेत. मधोमध तीन फुटांची वाट ठेवली तर दोन्ही बाजूंना अकरा-अकरा फूट उरतात. मांडी घालून बसणाऱ्याला रुंदीत अडीच फूट लागतात, पुढून मागं तीन. म्हणजे एका ओळीत आठ जण आणि अशा आठ ओळी, एकूण चौसष्ट जण. शेवटच्या सहा फुटांत खुर्च्यांच्या दोन ओळी, प्रत्येकी अकरा. झाले शहाऐंशी. दाराशी दोन फूट मोकळे राहतात, ते चपला काढून आत येणाऱ्यांसाठी लागतातच.

खुर्च्या मागं का, असं ज्येष्ठ मंडळी विचारतात आणि त्यांचा रागही रास्त आहे. त्यांनाच कमी ऐकू येतं आणि त्यांनाच मागं बसवलं जातं. पण खुर्च्या पुढं मांडल्या तर जाजमावर बसलेल्या साऱ्यांना समोर पाठीच दिसतात. यावर सोपा इलाज म्हणजे दुसरा छोटा स्पीकर खुर्च्यांच्या ओळीपाशी, कानाच्या उंचीवर ठेवणं. पुढच्या एकाच मोठ्या स्पीकरचा आवाज वाढवत नेला की पहिल्या ओळीचे कान किटतात आणि मागच्यांना घुमणारा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. सूचनेत ‘खुर्च्या २२, गरज असलेल्यांसाठी, मागील बाजूस, स्वतंत्र ध्वनिव्यवस्था’ अशी ओळ असली की येणारा तयारीनं येतो. स्पीकरची तोंडं आतच हवीत. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्याचीच बंदी आहे. पण सकाळी सात वाजताही समोरच्या घरात दहावीचं पोर अभ्यास करत असू शकतं, हे लक्षात ठेवावं.

अधल्यामधल्या दिवशी शहाऐंशी जागा पुरून उरतात. सातव्या दिवशी, शेवटच्या तासाला, तिप्पट माणसं येतात. हे दरवर्षीचं आहे, तरी दरवर्षी त्याचं आश्चर्य वाटतं आणि ऐन पसायदानाच्या वेळी सतरंज्यांची ओढाओढ सुरू होते. आम्ही सप्ताह सोमवारी सुरू करून रविवारी समाप्ती ठेवा म्हणतो, ते येणाऱ्यांच्या सोयीसाठी. पण मग अंगणात ताडपत्री, एक स्पीकर आणि बस्करं शनिवारी रात्रीच मांडून झाली पाहिजेत. सोमवार-मंगळवारचे साडेचार तासांचे दोन जड दिवस यामुळे कामाच्या दिवसांत येतात. त्या दोन दिवशी सकाळचं वाचन सातलाच सुरू करावं आणि सकाळच्या उशिराच्या पाळ्या निवृत्तांना, ज्यांची सकाळची घाई नसते त्यांना द्याव्यात. नोकरदारांना सातच्या पहिल्या दोन पाळ्या किंवा संध्याकाळची शेवटची जमते. स्वयंपाकाची जबाबदारी असलेल्या बायकांना विचारल्याशिवाय साडेआठची पाळी देऊ नये. नावं टाकताना प्रत्येकाला ‘कोणती वेळ जमेल’ असं विचारलं तर गैरहजेरी निम्म्यावर येते, असा माझा अनुभव आहे.

सप्ताह तिथीवर असेल तर आणखी एक काळजी. ज्ञानेश्वरी जयंती भाद्रपद वद्य षष्ठीला, आळंदीचा समाधी सोहळा कार्तिक वद्य त्रयोदशीला. या तिथ्या गाठून शेवट करायचा तर मधे एखादी तिथी क्षय पावू शकते किंवा वाढू शकते. नुसती तिथी छापली की वाचक एक दिवस चुकतो. तिथी, वार आणि तारीख तिन्ही द्यावं आणि दिवस मोजताना तारखेवरच मोजावं.

वाचन मागं पडतंय, हे कसं ओळखायचं? यासाठी सात टप्पे संयोजकाच्या खिशात लिहिलेले असावेत. पहिल्या रात्री पाचवा अध्याय संपलेला, दुसऱ्या रात्री नववा, तिसऱ्या रात्री बारावा. साठ ओव्या मागं म्हणजे दहा मिनिटं, ती त्याच संध्याकाळी जास्त बसून भरून काढावीत. उद्यावर टाकलेली दहा मिनिटं शनिवारपर्यंत तासाची होतात. मग वेग वाढवला जातो आणि तो वाढला हे ओवीच सांगते. ओवीला तीन यमकांचे चरण आणि चौथा आखूड, मोकळा चरण असतो. घाईत पहिले तीन यमकाच्या जोरावर निघून जातात आणि चौथा गिळला जातो. ज्ञानेश्वर आपलं म्हणणं पुष्कळदा त्या चौथ्या चरणातच पुरं करतात. चौथा चरण ऐकू येईनासा झाला की संयोजकानं वाचकापुढं पाण्याचा पेला सरकवावा. तो थांबतो, घोटभर पितो आणि पुढची ओवी आपोआप सावकाश येते.

हे सारं पाहिल्यावर सूचना कधी लावायची, हा प्रश्न उरतो. दोन आठवडे आधी. पहिल्या आठवड्यात तक्ता पेन्सिलीनं भरावा, लोकांना पाळ्या अदलाबदल करू द्याव्यात. दुसऱ्या आठवड्यात तो शाईनं लिहून काढावा आणि खाली एकाच माणसाचा दूरध्वनी द्यावा. तीन संयोजकांचे तीन क्रमांक दिले की एकाला कळवलेलं दुसऱ्याला कळत नाही. मान्यवरांची नावं, वर्गणीदारांचे आभार, प्रसादाचा मेनू हे सगळं खुशाल दुसऱ्या कागदावर लिहा. वाचनाच्या फलकावर दिवस, अध्याय, ओव्या, वेळ, वाचक आणि जागा एवढंच राहू द्या. आणि यंदाच्या सप्ताहाची सूचना तुमच्याकडे आली असेल, तर नावं गोळा करण्याआधी ग्रंथ उघडा, पन्नास ओव्या मोठ्यानं वाचा आणि किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा.